ताप गेला, धडधड राहिली : नाडीची वही कशी लिहायची



पावसाळा सरता सरता गटाच्या बैठकीत एक तक्रार हमखास कानावर येते. "ताप येऊन गेला त्याला तीन महिने झाले. जेवण जातं, खोकला नाही, अंगही दुखत नाही. पण भांडी घासायला उभी राहिले तरी छातीत धडधडतं." शेजारची म्हणते अशक्तपणा आहे, दूध घे. दवाखान्यात जावं तर नाडी एकदा ८८ भरते, एकदा ११२. ईसीजी ठीक येतो आणि "टेन्शन घेऊ नका" एवढं ऐकून बाई परत येते.

डॉक्टरांच्या हातात तरी त्या वेळी काय असतं? बाई सकाळपासून उपाशी, वडापमध्ये दाटीवाटीनं बसून आलेली, तासभर रांगेत उभी राहिलेली. अशा वेळी नाडी ११२ भरली तर ती दुखण्याची की रांगेची, हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि ८८ भरली तर "काही नाही" असंच वाटणार. एकच आकडा खरा असूनही उपयोगाचा नसतो. त्याच बाईनं पंधरा दिवस घरी, एकाच वेळी, एकाच पद्धतीनं नाडी मोजून लिहून आणली तर त्या वहीतून बरंच कळतं. ती वही कशी लिहायची ते या वेळी बघू.

नाडी जलद का राहते

मोठ्या माणसाची, निवांत पडलेल्या अवस्थेतली नाडी साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० असते. ताप असताना ती वाढते, ते ठीकच आहे. व्हायरल ताप, फ्लू, डेंग्यू, कोविड असं काहीही होऊन गेलं की बहुतेकींची नाडी काही आठवड्यांत पूर्वीवर येते. काहींची मात्र महिनोन्महिने चढलेली राहते.

हे समजायला हौद भरायचं उदाहरण घ्या. मोठी घागर असेल तर हौद दहा खेपांत भरतो. घागर लहान असेल किंवा अर्धीच भरत असेल तर तेवढ्याच पाण्याला वीस खेपा लागतात. हृदयाचं तसंच आहे. शरीराला लागणारं रक्त तेवढंच लागतं. आजारपणात आठ-दहा दिवस अंथरुणात गेले, खाणंपिणं कमी झालं, अंगातलं पाणी कमी झालं, पायांचे स्नायू ढिले पडले, की दर ठोक्याला पुढं जाणारं रक्त कमी पडतं. मग हृदय खेपा वाढवतं.

त्यात उभं राहण्याचा भाग वेगळा. आपण पडलेल्या असताना रक्त सगळीकडे सारखं पसरलेलं असतं. उभ्या राहिलो की अर्धा लिटरच्या आसपास रक्त पोट आणि पायांकडे उतरतं. शरीरातली एक आपोआप चालणारी मज्जासंस्था लगेच पायांच्या रक्तवाहिन्या आवळते आणि नाडी थोडी, म्हणजे दहा ते वीसनं, वाढवते. आपल्याला पत्ताही लागत नाही. काही जणींत विषाणूच्या आजारानंतर ही व्यवस्थाच बिघडते. रक्तवाहिन्या नीट आवळल्या जात नाहीत आणि सगळा भार नाडीवर येतो. म्हणून पडल्यावर बरं वाटतं आणि चुलीपुढं किंवा ओट्यापाशी उभं राहिलं की धडधड सुरू होते.

हे काही आजचं दुखणं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जेकब द कोस्टा नावाचे डॉक्टर सैनिकांना तपासत होते. ताप किंवा जुलाबाचं दुखणं होऊन गेलेले कितीतरी तरणेताठे सैनिक बरे होऊनही धडधडीची तक्रार घेऊन यायचे. त्यांच्याबद्दल द कोस्टांनी १८७१ मध्ये सविस्तर लिहिलं. धडधाकट जवानांना हे होत होतं. तेव्हा आपल्याकडे एखादी सून असं सांगते तेव्हा ती कामचुकारपणा करते, असं घरच्यांनी लगेच ठरवू नये.

पण सगळी धडधड ताप होऊन गेल्यामुळेच असते, असंही धरून चालू नका. आपल्या भागात सगळ्यात आधी शंका घ्यायची ती रक्त कमी असण्याची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरपैकी ५७ महिलांना रक्तक्षय निघाला. रक्त आधीच पातळ, त्यावर आजारपण, की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला पळावं लागतं. दुसरी शंका थायरॉइडची. विषाणूच्या आजारानंतर कधीकधी या ग्रंथीला सूज येते आणि काही आठवडे तिच्यातलं साठलेलं संप्रेरक जास्त प्रमाणात रक्तात उतरतं. तेव्हा नाडी झोपेतसुद्धा जलद असते, हात थरथरतात, वजन उतरतं. दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या यांनीही नाडी वाढते. आणि मिश्रीनंही वाढते. मिश्री म्हणजे तंबाखूच. "मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते" असं सांगणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

नाडी मोजायची कशी

यंत्र नसलं तरी चालतं. डाव्या हाताचा तळवा वर करा. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या घडीच्या थोडं खाली, उजव्या हाताची पहिली दोन बोटं अलगद ठेवा. अंगठ्यानं मोजू नका, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. मोबाइलवर वेळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं, तर एक ठोका चुकला की चारचा फरक पडतो. मोजताना ठोके सारख्या अंतरानं येतात की मध्येच एखादा गळतो, तेही बघा आणि लिहा. हे यंत्र सांगेलच असं नाही, बोटांना मात्र कळतं.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोविडच्या वेळी बऱ्याच गावांत आलं. त्यावर दोन आकडे दिसतात आणि घोटाळा नेमका तिथंच होतो. `SpO2` किंवा `%` लिहिलेला आकडा रक्तातल्या प्राणवायूचा. `PR` किंवा `bpm` लिहिलेला आकडा नाडीचा. एकीनं "माझी नाडी ९८ आहे" म्हणून आठवडाभर लिहिलं आणि तो निघाला प्राणवायू, असं होऊ शकतं. बोटाला मेंदी किंवा नखपॉलिश असेल, हात गार असतील, तर आकडा भरवशाचा येत नाही. हात चोळून गरम करा, बोट हलवू नका, अर्धा-एक मिनिट आकडा स्थिर होऊ द्या आणि मग लिहा. रक्तदाबाच्या यंत्रावर खालचा आकडा `PUL` असा असतो, तो नाडीचा. पहिल्या दिवशी बोटांनी मोजलेली नाडी आणि यंत्रावरचा आकडा जुळवून बघा. दोन-चारचा फरक चालेल, त्याहून जास्त असेल तर बोटांचं खरं धरा.

सकाळची जोडी

रोज दोनच आकडे महत्त्वाचे आहेत, एक पडलेली असतानाचा आणि एक उभी असतानाचा. वेळ सकाळची, चहाच्या आणि मिश्रीच्या आधीची.

जाग आली की उठू नका, तशीच पडून राहा आणि नाडी मोजा. मध्येच लघवीला उठावं लागलं, तर परत येऊन दहा मिनिटं पडा आणि मग मोजा. हा पहिला आकडा. मग उठून भिंतीला पाठ टेकून उभ्या राहा. टाचा भिंतीपासून चार-सहा इंच पुढं ठेवा. बोलू नका, पाय हलवू नका. पायांची हालचाल केली की रक्त वर ढकललं जातं आणि खरा आकडा लपतो. तीन मिनिटांनी मोजा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. दोन्ही आकडे लिहा.

उभं राहताना घरातलं कुणीतरी जवळ हवं. डोळ्यापुढं अंधारी आली, मळमळलं, घाम फुटला, तर दहा मिनिटं पुरी करायचा हट्ट नको. लगेच आडवं व्हा आणि "सहा मिनिटांत थांबले" असं लिहा. तीही नोंदच आहे. पूर्वी चक्कर येऊन पडलेली असाल किंवा पोटात बाळ असेल, तर हे घरी करू नका, दवाखान्यातच करून घ्या.

रोज दहा मिनिटं उभं राहून मोजायला सकाळी सवड कुठं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंच आहे. उभं राहून मोजणं आठवड्यातून तीन दिवस केलं तरी पुरे. पडून मोजायचा आकडा मात्र रोज हवा, त्याला एकच मिनिट लागतं.

आणि याहून जास्त मोजू नका. ऑक्सिमीटर हाताशी असलं की दिवसातून वीस वेळा बोट घालायची सवय लागते. आकडा वाढलेला दिसला की भीती वाटते, भीतीनं आकडा आणखी वाढतो. मधल्या वेळी जोराची धडधड झाली तर मोजा, लिहा आणि यंत्र बाजूला ठेवा.

वहीत काय लिहायचं

गटाच्या वहीत आपण फक्त "पाचशे दिले" असं लिहीत नाही. कुणाला, कधी, कशासाठी, ते लिहितो. तसंच इथं. नुसता नाडीचा आकडा म्हणजे नाव नसलेलं कर्ज.

शंभर पानी वही घ्या आणि एका दिवसाला एक ओळ ठेवा. तारखेनंतर पडून नाडी आणि उभ्यानं नाडी. त्यापुढं आदल्या दिवशी केलेलं मोठं काम, मग झोप कशी झाली ते, आणि शेवटी त्रास. पाळीचे दिवस तारखेला गोल करून दाखवा, कारण पाळीच्या आधीच्या दिवसांत नाडी थोडी वाढते आणि अंगावरून जास्त जात असेल तर रक्त कमी होण्याचं ते मोठं कारण आहे. नवं औषध सुरू झालं, बंद झालं, तर त्या दिवशी त्याचं नाव लिहा. नाव वाचता येत नसेल तर गोळ्यांचं रिकामं पाकीट वहीत चिकटवून टाका.

त्रास किती हे "खूप" आणि "थोडा" असं लिहू नका. सोमवारचं "खूप" आणि गुरुवारचं "खूप" यांत फरक कळत नाही. त्याऐवजी कामावर काय परिणाम झाला ते आकड्यात लिहा. शून्य म्हणजे त्रास नाही. एक म्हणजे जाणवलं, पण काम चालू राहिलं. दोन म्हणजे हातातलं काम टाकून बसावं लागलं. तीन म्हणजे आडवं व्हावं लागलं. हे माप डॉक्टरांना पटकन समजतं आणि घरच्यांनाही. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून ओळ भरून घ्या, पण रात्री आठवून चार दिवसांच्या ओळी एकदम भरू नका. बैठकीचा हिशोब महिनाअखेरीला आठवून लिहिला की काय होतं, हे सचिवताईंना विचारा.

एक वही वाचून बघू

एक नमुना घेऊ. तिला मंदा म्हणू, वय चौतीस. ही कुणी एक खरी बाई नाही, नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ही वही रचली आहे. मंदाला भाद्रपदात कोविड झाला होता, घरीच बरी झाली. आता कापूस वेचणीचे दिवस, तीन महिने उलटलेत, आणि धडधड आहे. तिच्या वहीतला एक आठवडा असा :

सोमवार : पडून ८०, उभी ११४. काल घरकाम. झोप ठीक. त्रास १.
मंगळवार : पडून ८२. काल घरकाम. झोप ठीक. त्रास १.
बुधवार : पडून ७९, उभी ११५. काल कपडे धुतले. झोप ठीक. त्रास १.
गुरुवार : पडून ८४. काल दिवसभर कापूस वेचणी. झोप ठीक. त्रास १.
शुक्रवार : पडून ९१, उभी १२८. काल काहीच काम नाही. झोप तुटक. त्रास ३.
शनिवार : पडून ८९. काल पडून होते. त्रास २.
रविवार : पडून ९४ (आधी मिश्री लावली). त्रास १.

आता हे वाचू. पडलेली असताना मंदाची नाडी ८० च्या आसपास आहे, शंभरच्या आतच. दवाखान्यात कुणी पडून मोजली असती तर "नॉर्मल" म्हणून सोडून दिली असती. पण उभं राहिल्यावर ती ११४-११५ होते, म्हणजे जवळपास ३५ नं वाढते. ही वाढच मंदाचं दुखणं आहे. दहा-वीसची वाढ असती तर तिकडं फारसं लक्ष द्यायचं कारण नव्हतं. उलट दुसऱ्या एखादीच्या वहीत पडून ११० आणि उभ्यानं १२० असं आलं, तर गोष्ट वेगळी. तिथं उभं राहणं हे कारण नाही. पडल्यावर, जाग येतानासुद्धा नाडी जलद आहे म्हणजे रक्त कमी असणं, थायरॉइड, लपलेला ताप किंवा हृदयाचं काही आहे का, हे आधी शोधावं लागतं आणि त्याला उशीर करायचा नाही.

दुसरी गोष्ट शुक्रवारची. मंदाला वाटत होतं की शुक्रवारी विनाकारण त्रास झाला, कारण गुरुवारी तर ती बसूनच होती. पण वहीत बुधवारची दिवसभराची वेचणी आहे. पुढच्या आठवड्यातही मंगळवारी ओझं घेऊन बाजार झाला आणि गुरुवारी नाडी पुन्हा ९० वर. विषाणूच्या आजारानंतर हे बऱ्याच जणींत दिसतं. काम करताना निभावतं, मार बसतो एक-दोन दिवसांनी. म्हणून त्रासाचा दिवस आला की फक्त कालची ओळ बघू नका, परवाचीही बघा. एकदा असं झालं तर योगायोग असेल. दोन-तीन वेळा तीच जोडी दिसली तर ते आपल्या शरीराचं गणित समजावं.

रविवारचे ९४ बघून घाबरायचं कारण नाही. मिश्रीनंतरचा आकडा इतर दिवसांच्या रांगेत बसत नाही. तिनं ते कंसात लिहिलं म्हणून कळलं. लिहिलं नसतं तर दुखणं वाढलं असंच वाटलं असतं.

डॉक्टरांपुढं काय न्यायचं

पूर्ण वही डॉक्टरांपुढं ठेवली तर ती चाळायला त्यांना वेळ नसतो. एक कागद करा. मंदाच्या कागदावर चारच ओळी होत्या : "भाद्रपदात कोविड, पाच दिवस ताप. त्याआधी असा त्रास नव्हता. पंधरा दिवसांत पडून नाडी ७९ ते ९१, दहा मिनिटं उभं राहिल्यावर ११२ ते १२८. जड कामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, आडवं व्हावं लागतं. पाळीत सहा दिवस जातं, मिश्री दिवसातून दोनदा, दुसरं औषध नाही." वही पिशवीत ठेवा, विचारली तर काढा.

आणि एक गोष्ट मागून घ्या : "माझा रक्तदाब पडून आणि उभ्यानं, दोन्ही वेळा बघता का?" उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर तो वेगळा प्रकार आहे आणि त्याचा इलाजही वेगळा. रक्तदाब टिकून आहे, पण नाडी दहा मिनिटांच्या आत ३० किंवा त्याहून जास्त वाढते, त्रासही होतो आणि हे तीन महिन्यांहून अधिक चाललंय, दुसरं कारण सापडत नाही, तर डॉक्टर त्याला 'पॉट्स' म्हणतात. बारा ते एकोणीस वयाच्या मुलींमध्ये ३० ऐवजी ४० ची वाढ धरतात, कारण या वयात नाडी मुळातच जास्त उसळते.

"दुसरं कारण सापडत नाही" हे शब्द महत्त्वाचे आहेत. मंदाचा रक्तदाब पडून ११२/७४ आणि उभ्यानं ११०/७६ भरला, म्हणजे टिकलेला. ईसीजीत ठोके जलद, पण लय सरळ. थायरॉइडची टीएसएच तपासणी ठीक. हिमोग्लोबिन मात्र ९.४. गरोदर नसलेल्या बाईचं ते किमान १२ हवं. आकडे पॉट्सच्या मापात बसत असूनही डॉक्टरांनी ते नाव लावलं नाही. आधी रक्त भरू द्या, मग पुन्हा मोजू, असं सांगितलं. माझ्या मते हेच बरोबर. नाव लवकर चिकटलं की रक्तक्षय मागं राहतो.

तिला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या आणि चहा तासभर तरी लांब ठेवायचा, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. पाणी दिवसभर थोडं थोडं वाढवायला सांगितलं. तिचा रक्तदाब कमीकडं होता म्हणून डॉक्टरांनी मीठही थोडं वाढवायला सांगितलं. हे ऐकून दुसऱ्या कुणी मीठ वाढवू नका. रक्तदाब जास्त असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यानं नुकसान होईल.

कामाची रीतही वहीवरून ठरली. वेचणी बंद झाली नाही, ती बंद करणं परवडणारंही नव्हतं. पण दिवसभराऐवजी एक तास वेचणी, अर्धा तास झाडाखाली पाय लांब करून विसावा, आणि दुपारनंतर घर. भाजी निवडणं, पीठ मळणं बसून. उभं राहावंच लागलं तर मधून मधून टाचा उचलायच्या, पोटऱ्या आवळायच्या, म्हणजे रक्त वर ढकललं जातं. जोर लावून चालायचा व्यायाम सुरू करू नका, असंही सांगितलं. ताकद येण्यासाठी पळा, चाला, असा सल्ला घरोघरी मिळतो, पण ज्यांना कामानंतर दोन दिवसांनी मार बसतो त्यांना तो उलटा पडतो. हळूहळू, झेपेल तेवढंच वाढवायचं, आणि वाढवलं की पुढच्या दोन ओळी बघायच्या.

दोन महिन्यांनी मंदाचं हिमोग्लोबिन ११.१ झालं. पडून नाडी ७३, उभ्यानं ९५. म्हणजे वाढ ३५ वरून २२ वर आली. धडधड पूर्ण गेली नाही, पण त्रासाच्या रकान्यात तीनचा आकडा तीन आठवड्यांत आला नाही. सगळ्यांचं असंच होईल असं नाही. रक्त भरूनही वाढ तीसच्या वर राहिली तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या फिजिशियनला कागद दाखवा. नाडी उतरवायच्या गोळ्या असतात, पण त्या त्यांनीच बघून द्यायच्या. शेजारणीच्या 'बीपीच्या गोळीनं' नाडी उतरते, हे खरं असलं तरी ती गोळी दम्याच्या बाईला महागात पडू शकते.

वही बाजूला ठेवून निघायचं केव्हा

छातीत दुखतंय, निवांत बसल्या-बसल्या दम लागतोय, शुद्ध हरपली, नाडी वेडीवाकडी चालतेय, अर्धा तास पडूनही १२० च्या खाली येत नाही, प्राणवायूचा आकडा हात गरम करूनही ९४ च्या खाली, किंवा एकच पाय सुजून दुखतोय : यातलं काहीही असेल तर पंधरा दिवसांची वही भरत बसू नका. १०८ ला फोन करा. विषाणूनं हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि अशा वेळी तास मोलाचे असतात. बाळंतपणाला थोडेच महिने झालेली बाई पडल्यावर दम लागतो म्हणत असेल, पायाला सूज असेल, तर तिलाही त्याच दिवशी न्या. "बाळंतपणाचा अशक्तपणा" म्हणून थांबू नका.

बाकीच्यांनी पंधरा दिवस वही लिहून आशाताईंना किंवा उपकेंद्रात दाखवावी. हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी कुठं होईल ते तिथंच विचारून घ्या, म्हणजे दोन खेपा वाचतील. इलाज सुरू झाला की रोज मोजायची गरज नाही. आठवड्यातून एक सकाळ ठरवा, समजा बैठकीचा दिवस, आणि त्या दिवशीची जोडी लिहा. पडून आणि उभं यांतला फरक सलग महिनाभर वीसच्या आसपास राहिला आणि त्रासाच्या रकान्यात शून्य किंवा एकच येत गेला, तर वही मिटून कपाटात ठेवा. टाकून देऊ नका, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा ताप आलाच तर आपली बरी असतानाची नाडी किती होती, हे त्याच पानांवर सापडेल.